मूल जोर लावत नाहीये, शी रोखून धरतंय: कडक शी आणि पॉटीची भीती यावर काय तपासायचं

कोल्हापुरातल्या शाहूपुरीत मुलांच्या दवाखान्यात मी 17 वर्षं नर्स होते. सर्दी-तापानंतर आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा परत-परत येणारी तक्रार हीच असायची. औषध घेऊन बरं वाटायचं, दीड महिन्यानं तेच पोरगं तसंच रडत परत. पुढे माझ्या भाचीच्या मुलाचं तेच झालं आणि घरात राहून मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघता आलं. त्यामुळे खाली दवाखान्यातलं आणि घरातलं दोन्ही आहे.

लक्षणं

मूल दीड ते चार वर्षांचं आहे आणि यातल्या दोन-तीन गोष्टी महिनाभर दिसताहेत, तर पुढचं वाचा.

- आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शी होते.
- शी शेळीच्या लेंड्यांसारखी तरी असते, नाही तर इतकी जाड असते की एवढ्या लहान पोराची वाटू नये.
- शी करताना रडतं. कधी शीच्या बाहेरून लालभडक रक्ताची रेघ असते.
- मध्येच खेळ सोडून पडद्यामागे किंवा दाराआड जातं, टाचा उचलून, पाय आवळून, तोंड लाल करून उभं राहतं.
- चड्डीला दिवसातून दोन-तीनदा पातळ डाग लागतो.
- जेवण कमी होत जातं, चिडचिड वाढते. मग एक दिवस मोठी शी होते आणि दोन दिवस पोरगं एकदम खुलतं.

कुठलीही तपासणी सुरू करण्याआधी खाली "इथे थांबा" असं लिहिलंय ते वाचून घ्या. त्यातलं काही असेल तर बाकीचं घरी करत बसू नका.

हे साठत कसं जातं

भाचीचा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा, वजन 12 किलो. एप्रिलमध्ये उन्हाचा ताव होता. पोराला दोन दिवस ताप आला, पाणी पोटात गेलं नाही, आणि चौथ्या दिवशी एक कडक शी झाली. तेवढ्या एका शीनं जागा चिरली, रक्ताचे दोन थेंब पडले. पुढच्या वेळी कळ आली तेव्हा त्यानं कुल्ले घट्ट आवळले. मोठ्या माणसानंही तेच केलं असतं.

शी आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे गुदाशयात, उतरली की तिथली भिंत ताणली जाते आणि "लागली" असं वाटतं. त्या वेळी आवळून धरलं तर थोड्या वेळानं ती भिंत सैल पडते आणि कळ निघून जाते. पोराला वाटतं, जमलं, दुखणं टळलं. शी मात्र आतच असते. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषून घेण्याचं, त्यामुळे जितका वेळ ती आत राहील तितकी कोरडी आणि घट्ट होते. वरून नवीन येतच राहतं. चार-पाच दिवसांनी जे बाहेर पडतं ते आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा जास्त दुखवणारं. म्हणजे पोराची भीती खरी ठरते आणि पुढच्या वेळी ते अजून जोरात आवळतं.

असं काही आठवडे चाललं की गुदाशय फुगून सैल होतो आणि ताण नीट कळेनासा होतो. मग "लागली" असं मुलाला खरंच वाटत नाही. आत गोळा बसलेला असतो आणि वरची ओली शी त्याच्या बाजूनं झिरपून चड्डीत येते. घरचे म्हणतात, "जुलाब लागलेत." आमच्या घरीही तेच झालं. जूनमध्ये चड्डीला डाग दिसायला लागले तेव्हा पोराला आठवडाभर नुसता भात आणि ताक देत होते, आणि दुकानातून जुलाब थांबवायचं औषध आणून दिलं होतं. आत दगड बसलेला असताना वरून बूच मारण्यासारखंच होतं ते.

पहिली तपासणी: दोन मिनिटं नुसतं बघा

याला पैसा लागत नाही, आणि निम्मं उत्तर इथंच मिळतं. पोरगं कोपऱ्यात गेलं की ओरडू नका, उचलून संडासात नेऊ नका. लांबून त्याच्या अंगाकडे बघा.

शी बाहेर काढायची असते तेव्हा मूल उकिडवं बसतं किंवा पुढे वाकतं, गुडघे पोटाकडे येतात, पाय फाकतात. रोखून धरायची असते तेव्हा याच्या उलट होतं. अंग ताठ, पाय एकमेकांत अडकवलेले, टाचा वर, कुल्ले आवळलेले, कमर थोडी पुढे-मागे हलते. एका हातानं कॉटची कड नाही तर आईचा गाऊन घट्ट धरलेला असतो. चेहरा दोन्हीकडे लालच होतो, म्हणून नुसता चेहरा बघून कळत नाही. पायाकडे बघा.

भाचीच्या सासूबाई पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "बघा की ओ, किती जोर लावतंय पोरगं, तरी होईना." मी त्यांना जवळ बोलावून पोराच्या टाचा दाखवल्या. तो टाचा उचलून, डावा पाय उजव्यावर टाकून, कपाटाला टेकून उभा होता. दोन मिनिटांत सगळं थांबलं, अंग सैल पडलं आणि तो गाडी घेऊन परत खेळायला लागला. शी झालीच नव्हती. त्या म्हणाल्या, "म्हंजे दाबून ठेवतंय व्हय हे?"

हा फरक का महत्त्वाचा, तर जोर लावतंय असं समजलं की घरातले "कर, कर, जोर लाव" म्हणत मागे लागतात. पोरगं सगळी ताकद लावून रोखत असतं आणि आपण त्याच्या भीतीत आपला आवाज मिसळतो. रोखतंय हे कळलं की पहिलं काम ठरतं: शी इतकी मऊ करायची की रोखण्याचं कारणच उरू नये. भीती आधी घालवून मग शी मऊ करायची, हा क्रम चालत नाही. दुखणं चालू असताना गोष्टी सांगून, बक्षीस देऊन किंवा रागावून काही होत नाही.

दुसरी: दिनदर्शिकेवर खूण

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज तीन गोष्टी लिहा: शी झाली का, कशी झाली, चड्डीला डाग होता का. "लेंड्या", "जाड", "पिकल्या केळ्यासारखी", "पिठल्यासारखी" एवढे शब्द पुरतात. दोन आठवडे लिहा.

कारण घरातल्या प्रत्येकाला वेगळं आठवतं. आजी म्हणते रोज होते, कारण तिला चड्डीतला डाग दिसलेला असतो. आई म्हणते आठवडाभर नाही. डॉक्टरांना यातलं काहीच उपयोगाचं नसतं, तो कागद असतो. आणि एक चांगली बाजूही कळते: दिवसाआड होत असेल, पण मऊ आणि न रडता होत असेल, तर ते बद्धकोष्ठ नव्हे. त्याला काही करू नका.

तिसरी: दूध मापानं मोजा

कोल्हापुरात हे सांगणं सगळ्यात जड जातं. आपल्याकडे दूध म्हणजे ताकद. तालमीतली पोरं दूध पिऊन तयार झाली हे ऐकत आपण वाढलो, आणि पोराला दूध कमी करा म्हटलं की आजोबांच्या कपाळाला आठी पडते. पण मोजून बघा.

भाचीकडे मोजलं ते असं: सकाळी एक ग्लास 250 मिली, दुपारी झोपताना 200 ची बाटली, संध्याकाळी बाबांबरोबर गंगावेशीच्या कट्ट्यावर अर्धा ग्लास धारोष्ण, रात्री परत 250. शिवाय बिस्किटं बुडवायला वाटीभर. बेरीज 900 मिलीच्या आसपास गेली. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 400 ते 500 मिली दूध भरपूर झालं, दही-ताक त्यातच धरून.

दुधाचा पोटात दगड होत नाही. होतं असं की 12 किलोच्या पोराचं पोट दुधानंच भरतं. भाकरी, वरण, भाजी, फळ यांना जागा उरत नाही, आणि शीला मऊपणा देणारा चोथा त्यातूनच येतो. जेवत नाही म्हणून परत दूध, असं चक्र चालू राहतं. सगळ्यात आधी रात्रीची बाटली सोडवा, कारण सकाळची भूक तीच मारते. आणि धारोष्ण दूध एवढ्या लहान मुलाला देऊ नका, तापवूनच द्या. त्याचं कारण वेगळं आहे, कच्च्या दुधातले जंतू.

आम्ही दोन आठवड्यांत दूध 900 वरून 450 वर आणलं. पहिले चार दिवस रडारड झाली. पाचव्या दिवशी पोरानं अर्धी जोंधळ्याची भाकरी दुधात नव्हे, तुरीच्या आमटीत कुस्करून खाल्ली. त्याबरोबर पपई, पेरू, भिजवलेले काळे मनुके, दोडका, मेथी, जे खाईल ते. पाणी खेळता-खेळता घोटभर, दिवसभर. तहानेपुरतं पाणी पुरतं. त्याहून जास्त कोंबून शी मऊ होत नाही.

इसबगोल मात्र स्वतःच्या मनानं देऊ नका. आत गोळा बसलेला असताना वरून चोथा वाढवला तर गोळाच वाढतो.

काही थोड्या मुलांना गाई-म्हशीच्या दुधातली प्रथिनंच मानवत नाहीत आणि त्यांची बद्धकोष्ठता औषधानंही हटत नाही. अशा वेळी डॉक्टर 2 ते 4 आठवडे दूध पूर्ण बंद करून बघायला सांगतात. ते त्यांच्या देखरेखीखालीच करायचं, कारण दुधाऐवजी काय द्यायचं हेही ठरवावं लागतं.

चौथी: बसायची जागा, वेळ, आणि डायपर

जूनमध्ये बालवाडीत घालायचं म्हणून एप्रिल-मेमध्ये डायपर सोडवायची घाई होते. नेमकी तेव्हाच उन्हानं शी कडक झालेली असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पोरगं पॉटी म्हणजेच दुखणं असं धरून बसतं. आमच्या घरी अगदी हेच घडलं. त्यामुळे पहिला निर्णय कडू वाटला तरी हा घ्या: शी मऊ होऊन निदान महिना जाईपर्यंत शिकवणं थांबवा. डायपरमध्ये करतो म्हणाला तर डायपर द्या. शाळेतल्या बाईंना तसं सांगा. डायपरमध्ये झालेली मऊ शी ही पोटात राहिलेल्या शीपेक्षा कितीतरी बरी.

मग जागा बघा. कमोडवर लहान पोरगं लोंबकळतं, पाय अधांतरी, दोन्ही हातांनी कडा धरलेल्या. पडू नये म्हणून त्याचं अंग ताठ असतं, आणि अंग ताठ असताना खालचे स्नायू सैल सोडता येत नाहीत. भारतीय संडासात उकिडवं बसणं शीसाठी चांगलं, पण अडीच वर्षांच्या मुलाला ते भोक मोठं दिसतं आणि पाण्याचा आवाज धडकी भरवतो. म्हणून जमिनीवरची छोटी पॉटी घ्या. कमोडच वापरायचा असेल तर वर लहान सीट आणि पायाखाली पाट किंवा स्टूल. तळपाय पूर्ण टेकलेले आणि गुडघे कमरेच्या थोडे वर आले पाहिजेत. जेट स्प्रेचं गार पाणी चिरलेल्या जागेवर मारू नका, तांब्यानं कोमट पाणी घाला.

वेळ जेवणानंतरची. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, म्हणून न्याहारी आणि रात्रीचं जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत 5 मिनिटं बसवा. 5 मिनिटं म्हणजे 5 मिनिटंच. अर्धा तास बसवून ठेवलं की ती शिक्षा होते. हातात मोबाईल न देता फुगा किंवा साबणाचे फुगे फुंकायला द्या. फुंकताना पोट घट्ट होतं आणि खालचं सैल पडतं. शाबासकी बसल्याबद्दल द्या, शी झाल्याबद्दल नको. शी होणं अजून त्याच्या हातात नाही.

ज्याला पॉटी बघूनच रडू येतं त्याला पायरीपायरीनं न्यायचं. भाचीच्या मुलाचं असं गेलं: आधी डायपर घालून पडद्यामागेच. मग डायपर घालून बाथरूमच्या दारात. मग बाथरूममध्ये उभं राहून. मग डायपर घालूनच पॉटीवर बसून. मग डायपर सैल लावून. शेवटी डायपर पॉटीत अंथरून, वर तो उघडा. प्रत्येक पायरीला आठवडा ते दीड आठवडा लागला. "बाथरूममध्ये उभं राहून" या पायरीवर तर तीन आठवडे अडकला होता. मागे एक पायरी गेलो तर बिघडत नाही. ओढून पुढे नेलं तर बिघडतं.

पाचवी: उजेडात एकदा जागा बघा

कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घेऊन, हलकेच बघा. काठाला बारीक चीर किंवा तिच्याशेजारी कातडीचा छोटा लोंब दिसला तर रक्ताचं आणि रडण्याचं कारण कळलं. टबात कोमट पाण्यात 5-10 मिनिटं बसवणं आणि बाहेरून पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावणं एवढं घरी करता येतं. खरी चीर भरते ती शी मऊ राहिल्यानं.

इथं मला हात जोडून सांगायचंय. साबणाची पाती, विड्याच्या पानाचा तेलात बुडवलेला देठ, बोट, काहीही आत घालू नका. शी होते, नाही असं नाही, म्हणून आजीचा त्यावर विश्वास असतो. पण साबणानं आतलं अस्तर चुरचुरतं, आणि दोघांनी पाय धरून तिसऱ्यानं मागून काहीतरी घातलं हे पोरगं विसरत नाही. भाचीच्या घरी मे महिन्यात हे दोनदा झालं होतं. त्यानंतर सहा महिने लंगोट बदलायला आडवं केलं तरी तो किंचाळायचा. एरंडेलही नको. त्यानं पोटात मुरडा येतो, आणि दुखून झालेली शी पुन्हा रोखायलाच शिकवते.

सहावी: औषध. हे डॉक्टरांकडूनच

वरचं सगळं दोन आठवडे करून शी मऊ होत नसेल, किंवा चड्डीला डाग लागत असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. डाग असतील तर दोन आठवडे थांबूही नका. डाग म्हणजे आत गोळा आहे, आणि बसलेला गोळा पपईनं निघत नाही.

डॉक्टर पोट चाचपतात. भाचीच्या मुलाला बेंबीखाली डाव्या अंगाला लिंबाएवढा घट्ट गोळा हाताला लागला. बहुतेक वेळा एक्स-रे किंवा सोनोग्राफीची गरज पडत नाही. हकीगत आणि हात पुरतो.

उपचाराचे दोन भाग असतात, आणि ते दोन आहेत हे कळलं नाही म्हणूनच माणसं परत येतात.

पहिला भाग म्हणजे साफसफाई. यासाठी पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर देतात, डॉक्टर तिला पीईजी म्हणतात. ती अंगात जवळजवळ शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि ते पाणी शीपर्यंत पोचवते. साफसफाईचा डोस किलोमागे दिवसाला 1 ते 1.5 ग्रॅम असतो आणि 3 ते 6 दिवस चालतो. 12 किलोच्या पोराला तो 12 ते 18 ग्रॅम पडतो. हे आकडे तुमच्या डॉक्टरांचं लिहिलेलं समजावं म्हणून देतेय, दुकानातून आणून द्यायला नव्हे. मोठ्या माणसांच्या आतड्याच्या तपासणीआधी पोट साफ करायचं मोठं पाकीटही पीईजीचंच असतं. ते चुकून पोराला दिलं तर जिवावर बेतू शकतं.

भाचीच्या मुलाला पहिल्या दोन दिवसांत काही झालं नाही, उलट डाग वाढले. तिसऱ्या दिवशी दुपारी घट्ट तुकडे, संध्याकाळी एक मोठा गोळा. चौथ्या दिवशी पातळ, तपकिरी पाणी. भाचीचा रात्री फोन आला: "मावशी, जुलाब लागले, औषध बंद करते." पुष्कळ घरं इथंच चुकतात. पातळ यायला लागलं म्हणजे औषध रस्ता काढतंय. तुकडे येणं पूर्ण थांबून निव्वळ पातळ येईपर्यंत, डॉक्टरांनी दिलेले दिवस पुरे करायचे. पोरगं पाणी पितंय, लघवी करतंय, खेळतंय ना एवढं बघत राहायचं. लघवी कमी झाली किंवा उलट्या लागल्या तर फोन करायचा.

साफसफाई शक्यतो तोंडानेच. एनिमानंही होते, पण ज्याला मागच्या बाजूची भीती बसलीय त्याला एनिमा म्हणजे भीतीवर भीती. एनिमा घरी तर कधीच नको. फॉस्फेटच्या एनिमानं लहान मुलांच्या रक्तातले क्षार धोकादायकरीत्या बिघडू शकतात.

दुसरा भाग रोजच्या, कमी डोसचा. सुरुवात साधारण किलोमागे 0.4 ग्रॅमनं होते, म्हणजे आमच्या पोराला 5 ग्रॅमच्या आसपास, आणि शी बघून डॉक्टर 0.2 ते 0.8 च्या मध्ये कमी-जास्त करतात. पीईजी मिळत नसेल किंवा मूल एकदम लहान असेल तर लॅक्टुलोज सिरप देतात. त्यानं थोडा गॅस होतो, पण तेही चांगलं औषध आहे. या काळात शी पिठल्यासारखी मऊ हवी. थोडी जास्तच मऊ असली तरी चालेल, कारण ती पोराला रोखता येत नाही.

हा भाग किती दिवस? निदान 2 महिने, आणि सगळा त्रास संपल्यावर आणखी एक महिना तरी. रोखण्याची सवय जुनी असेल तर सहा महिने, वर्षही लागतं. फुगलेल्या गुदाशयाला पहिल्या आकाराला यायला वेळ लागतो आणि तोवर त्याला भरल्याचं कळत नाही. "सवय लागेल" ही भीती सगळ्यांना असते. या औषधांनी आतडं आळशी होत नाही. औषध बंद केल्यावर त्रास परत आला तर तो सवयीनं आलेला नसतो, आतडं अजून सुधारलेलं नसतं.

आम्हीही ही चूक केली. जुलैत साफसफाई झाली, ऑगस्टभर रोज मऊ शी, गणपतीच्या गडबडीत पावडर एकदम बंद. विसर्जनाच्या सुमाराला पोरगं परत कपाटाला टेकून टाचा उचलून उभं. पुन्हा दोन दिवसांची साफसफाई, पुन्हा रोजचा डोस. यावेळी दिवाळी, संक्रांत, शिमगा सगळं पावडरीवरच काढलं. चैत्रात, जोतिबाची यात्रा झाल्यावर, डॉक्टरांनी दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी-थोडी कमी करत मे अखेर बंद केली.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

लगेच, त्याच दिवशी, रात्र असली तरी: हिरवट उलटी, पोट फुगून टणक होणं, तापाबरोबर पोटदुखी आणि पोरगं मलूल पडणं, पोटदुखीबरोबर रक्त जास्त जाणं, मागच्या काही दिवसांत पाय लुळे पडणं किंवा चाल बदलणं. कोल्हापुरात असाल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात, नाही तर जवळच्या ज्या दवाखान्यात मुलांचे डॉक्टर हजर असतील तिथे.

दोन-चार दिवसांत, घरचे उपाय न करता: त्रास जन्मल्यापासूनच्या पहिल्या महिन्यातच सुरू झालेला असणं, जन्मल्यावर पहिली काळी शी 48 तास झाली नव्हती असं आईला आठवत असणं, वजन न वाढणं, शी कायम रिबिनीसारखी बारीक येणं, चीर दिसत नसताना रक्त, कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका, शीची जागा जरा पुढे किंवा वेगळीच दिसणं, सारखी लघवीची जळजळ. या मुलांमध्ये कारण रोखणं नसून आतड्याच्या नसा, मणका, थायरॉइड असं काही असू शकतं, आणि ते पपईनं किंवा पाटानं सुटणार नाही.

आणि साफसफाई होऊन, रोजचं औषध नियमित देऊन तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर पोटाच्या आजारांचे मुलांचे तज्ज्ञ गाठा.

औषध बंद झाल्यावर पहिले तीन महिने दिनदर्शिकेवरची खूण चालू ठेवा. ताप आला, गावाला गेलो, नवी शाळा सुरू झाली की हमखास गाडी घसरते. भाचीच्या फ्रिजवर डॉक्टरांच्या अक्षरातला कागद अजून चिकटवलेला आहे: दोन दिवस शी नाही, किंवा एकदा जरी टाचा उचलून उभा दिसला, तर त्याच दिवशी शेवटचा डोस परत सुरू, आणि तिसऱ्या दिवशी फोन.